अर्ध्या फेऱ्याचा हिशेब

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची एक अरुंद पट्टी. तारकर्लीकडून आलेला रस्ता या पट्टीवरून दक्षिणेकडे जातो आणि संगमापाशी जमीनच संपते. समोर भोगवे दिसते, पण तिथे जायला पाणी ओलांडावे लागते. त्यामुळे इथे बोट हे रोजचे वाहन आहे. मासेमारीला, पर्यटकांना संगमावर किंवा त्सुनामी आयलंडवर न्यायला, डॉल्फिन दाखवायला सगळीकडे इंजिनाची बोट लागते.

मोठ्या इंजिनाची चावी फिरवली की ‘घर्रर्र’ असा आवाज होतो आणि मग इंजिन धडधडू लागते. हा पहिला घर्रर्र इंजिनाचा नसतो. तो स्टार्टरचा, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या डीसी मोटरचा असतो. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा छोटा पंप हीसुद्धा बहुधा तशीच मोटर. मोठ्या आउटबोर्ड इंजिनांना उथळ पाण्यात वर उचलणारी यंत्रणाही डीसी मोटरवर चालते. या सगळ्यांना वीज देणारी बॅटरी एकच गोष्ट जाणते: एका टोकातून प्रवाह बाहेर सोडायचा आणि दुसऱ्या टोकातून परत घ्यायचा, तोही नेहमी एकाच दिशेने.

एकाच दिशेने प्रवाह सोडला तर मोटर एकाच दिशेने फिरणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. मोटरच्या आतल्या वेटोळ्यात प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला तर मोटर फिरतच नाही. अर्धाएक फेरा घेते, मागे-पुढे डोलते आणि थांबते. ती सलग फिरायची असेल तर दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातला प्रवाह उलटा करावा लागतो. हे काम कम्युटेटर आणि ब्रश ही जोडी करते. शासकीय परिभाषेत कम्युटेटरला दिक्परिवर्तक म्हणतात. वर्कशॉपमध्ये मात्र कम्युटेटर आणि ‘कार्बन’ हेच शब्द चालतात.

एक वेटोळे, दोन बाजू

स्टार्टर उघडला तर आत तांब्याच्या तारांची इतकी गर्दी असते की काही कळत नाही. म्हणून आधी सगळ्यात साधी मोटर डोळ्यांसमोर आणू. डावीकडे चुंबकाचा उत्तर ध्रुव, उजवीकडे दक्षिण ध्रुव. चुंबकीय क्षेत्र डावीकडून उजवीकडे. दोन ध्रुवांच्या मध्ये तांब्याच्या तारेची एक आयताकृती चौकट आणि ती एका आसावर बसवलेली. आस आपल्यापासून समोर दूर जातो आहे. चौकटीची एक लांब बाजू लाल रंगवू, दुसरी निळी. सुरुवातीला चौकट आडवी आहे: लाल बाजू डावीकडे, निळी उजवीकडे.

आता लाल बाजूतून प्रवाह आपल्यापासून दूर जाऊ द्या आणि निळ्या बाजूतून आपल्याकडे परत येऊ द्या. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावला की लाल बाजूवर जोर खाली येतो आणि निळ्या बाजूवर वर. डावी बाजू खाली, उजवी वर, म्हणजे चौकट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरू लागते. या फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात.

टॉर्क किती, हे आकड्यांत पाहू. चौकटीवर तारेचे १० वेढे आहेत, लांब बाजू ५ सेंटिमीटर, दोन बाजूंमधले अंतर ४ सेंटिमीटर, प्रवाह १ अँपिअर आणि क्षेत्र ०.१ टेस्ला. एका बाजूवरचा जोर म्हणजे वेढे, क्षेत्र, प्रवाह आणि लांबी यांचा गुणाकार: १० × ०.१ × १ × ०.०५, म्हणजे ०.०५ न्यूटन. पाच ग्रॅमच्या वजनाइतका. दोन्ही बाजू मिळून टॉर्क होतो ०.०५ × ०.०४, म्हणजे ०.००२ न्यूटन-मीटर. हा सर्वांत मोठा आकडा, चौकट आडवी असतानाचा.

चौकट फिरू लागली की जोर तेवढाच राहतो, पण त्याचा फिरवण्यासाठी होणारा उपयोग कमी होत जातो. ३० अंश फिरल्यावर टॉर्क ०.००१७ वर येतो, ६० अंशांवर निम्मा, म्हणजे ०.००१, आणि ९० अंशांवर शून्य. त्या क्षणी चौकट उभी आहे, लाल बाजू तळाशी आणि निळी माथ्यावर. लाल बाजूवरचा जोर अजून खालीच आहे, निळ्यावरचा वरच. दोन्ही जोर चौकटीला ताणतात, फिरवत मात्र नाहीत.

अडचण नेमकी कुठे

आधी मिळालेल्या वेगामुळे चौकट उभ्या स्थितीत थबकत नाही, जरा पुढे जाते. लाल बाजू तळ ओलांडून उजवीकडे सरकते. खरी अडचण इथे सुरू होते. लाल बाजूतला प्रवाह अजूनही दूर जाणाराच आहे, म्हणून तिच्यावरचा जोर अजूनही खालीच आहे. पण ती आता उजवीकडे आहे, आणि फेरा पुढे न्यायचा तर उजवीकडच्या बाजूने वर जायला हवे. जोर तिला परत तळाकडे ओढतो. १२० अंशांवर टॉर्क पुन्हा ०.००१ आहे, पण उलट दिशेचा. चौकट मागे येते, तळ ओलांडून डावीकडे जाते, पुन्हा ओढली जाते आणि डोलत डोलत उभ्या स्थितीत स्थिर होते. बॅटरी चालू, प्रवाह चालू, तार तापते आहे, आणि मोटर बंद.

यावरून मोटरला काय हवे ते कळते. लाल बाजूत नेहमी अमुकच प्रवाह आणि निळीत तमुकच, हा नियम चालणार नाही. नियम जागेचा हवा: जी बाजू डावीकडे असेल तिच्यातून प्रवाह दूर जायला हवा, आणि जी उजवीकडे असेल तिच्यातून आपल्याकडे यायला हवा. मग ती बाजू लाल असो की निळी. तारेला नाव नको, जागेला हवे. हा नियम पाळला की डावीकडे कायम खाली आणि उजवीकडे कायम वर असाच जोर लागेल, आणि टॉर्क कधीच उलटा होणार नाही.

दुभंगलेली कडी

हा नियम पाळायला कोणी हुशार पहारेकरी लागत नाही. तांब्याची एक कडी घ्यायची, ती मधोमध चिरून दोन अर्धुके करायची आणि ती एकमेकांना न चिकटता आसावर बसवायची. लाल बाजूचे टोक एका अर्धुकाला, निळ्या बाजूचे दुसऱ्याला. चौकट आडवी असताना लाल बाजूचे अर्धुक डावीकडे असेल आणि दोन फटी वर-खाली असतील, अशी ती बसवायची. चौकट फिरली की कडीही तिच्यासोबत फिरते.

ब्रश मात्र फिरत नाहीत. डावीकडचा ब्रश बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला, उजवीकडचा ऋण टोकाला. दोघेही स्प्रिंगच्या जोरावर कडीला टेकून बसलेले. डावा ब्रश कोणत्या अर्धुकाला टेकतो? जे त्या क्षणी डावीकडे आहे त्याला. आणि ते अर्धुक कोणत्या बाजूला जोडलेले आहे? जी त्या क्षणी डावीकडे आहे तिलाच. झाले काम. जागेचा नियम आपोआप पाळला गेला.

चौकट उभी होते तेव्हा फटी फिरत फिरत बरोबर ब्रशांसमोर येतात. त्या क्षणी ब्रश एका अर्धुकावरून दुसऱ्यावर जातो. लाल बाजू उजवीकडे सरकते तेव्हा तिचे अर्धुक उजव्या ब्रशखाली आलेले असते, म्हणून तिच्यातला प्रवाह उलटतो आणि तिच्यावरचा जोर खालचा वर होतो. आधी १२० अंशांवर उलटा आलेला ०.००१ आता सुलट येतो. अदलाबदल होते तीही टॉर्क तसाही शून्य असतो त्या क्षणी, त्यामुळे झटका बसत नाही. टॉर्क वाढतो, कमी होतो, शून्याला टेकतो आणि पुन्हा त्याच दिशेने वाढतो. पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली तर ती सर्वांत मोठ्या आकड्याच्या सुमारे ६४ टक्के येते, आपल्या चौकटीत जवळपास ०.००१३ न्यूटन-मीटर.

यात एक गंमत दडलेली आहे. बाहेरच्या तारेत प्रवाह एकाच दिशेने वाहतो, पण चौकटीच्या तारेत तो दर अर्ध्या फेऱ्याला उलटतो. म्हणजे डीसी मोटरच्या पोटात एसी असते. आपली चौकट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० होतात, आणि तिच्या तारेतला प्रवाह घरातल्या विजेसारखाच सेकंदाला ५० आवर्तने करतो.

इतिहासात ही युक्ती वीज तयार करण्याच्या यंत्रातही आली. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचे जनित्र बनवले. त्यातून उलटसुलट प्रवाह निघत होता आणि तेव्हा तो कोणाला नको होता. आंद्रे-मारी अँपिअर याच्या सूचनेवरून त्याला कम्युटेटर जोडला गेला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन याने कम्युटेटर वापरून मोटर फिरवली.

घरी करून पाहायचा पुरावा

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा करून पाहणे सोपे आहे. इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे आठ-दहा वेढ्यांचे गोल वेटोळे करा, दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढा. एका साध्या सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना पक्क्या बसवा आणि त्यांच्या भोकांत वेटोळ्याची टोके ठेवा. खाली, सेलवरच, एक चपटा चुंबक.

आता दोन्ही टोकांवरचे इनॅमल पूर्ण खरवडले तर वेटोळे थरथरते, डोलते आणि एका स्थितीत थांबते. दुभंगलेली कडी नसलेली ती हीच मोटर. हौसेने बनवलेली मोटर न चालण्याचे कारणही बहुधा हेच असते. एका टोकाचे इनॅमल पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्धेच, म्हणजे वेटोळे उभे धरून वरच्या बाजूचेच खरवडले तर वेटोळे बोटाच्या हलक्या धक्क्याने भन्नाट फिरू लागते. अर्ध्या फेऱ्यात प्रवाह वाहतो आणि ढकलतो. उरलेल्या अर्ध्यात, जिथे तो मागे ओढणार होता, तिथे इनॅमल आड येते आणि प्रवाह बंदच होतो. वेटोळे नुसत्या वेगावर तेवढे अंतर काढते. होडी वल्हवणारा वल्हे पाण्यात घालून मागे ओढतो आणि पुढे नेताना मात्र पाण्याबाहेर काढून हवेतून नेतो, तसेच हे. दुभंगलेली कडी त्याहून पुढची आहे. ती परतीचा अर्धा फेरा वाया घालवत नाही, त्यातही प्रवाह उलटवून ढकलून घेते.

खेळ संपला की वेटोळे लगेच काढून ठेवा. ते थांबलेले असताना सेल तारेतून जवळजवळ शॉर्ट झालेला असतो आणि तार बोट भाजण्याइतकी तापते.

ब्रशची जागा

कडी चिरली म्हणजे भागले, असे नाही. ब्रश कुठे टेकतात तेही तितकेच महत्त्वाचे आहे. समजा ब्रश त्यांच्या जागेवरून २० अंश सरकले. मग अदलाबदल २० अंश उशिरा होईल आणि तेवढ्या टप्प्यात चौकट मागे ओढली जाईल. सरासरी टॉर्क सहा टक्क्यांनी घटेल, म्हणजे फारसे नुकसान नाही. पण ६० अंश सरकवले तर तो निम्मा होतो. ९० अंश सरकवले तर अर्धा वेळ पुढे आणि अर्धा वेळ मागे अशी बरोबरी होऊन मोटर फिरणारच नाही. त्याच्याही पुढे सरकवले तर ती उलट्या दिशेने फिरेल.

म्हणजे फिरण्याची दिशा कम्युटेटर ठरवत नाही. ती चुंबकाचे ध्रुव कुठे, धन टोक कोणत्या ब्रशला आणि ब्रश कुठे, यावर ठरते. कम्युटेटरचे काम ठरलेली दिशा टिकवण्याचे. कायम चुंबकाच्या मोटरला बॅटरीची टोके उलटी लावली की ती मुकाट उलटी फिरते आणि कम्युटेटर ती नवी दिशा तितक्याच निष्ठेने टिकवतो. आउटबोर्ड इंजिन वर-खाली करणाऱ्या मोटरी बहुधा याच तत्त्वावर चालतात: एक बटण दाबले की प्रवाह सुलट, दुसरे दाबले की उलट. पाणी उपसायच्या पंपाच्या तारा चुकून उलट्या जोडल्या गेल्या तर मोटर आवाज करत राहते, पण पाणी नीट चढत नाही, त्याचेही कारण हेच.

जुन्या पद्धतीच्या स्टार्टरला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. त्यात कायम चुंबक नसतो. बाहेरच्या गुंडाळीतून तोच प्रवाह जाऊन चुंबकत्व तयार होते. बॅटरी उलटी लावली तर चुंबकाचे ध्रुवही उलटतात आणि चौकटीतला प्रवाहही. दोन उलटांचे एक सुलट होते आणि स्टार्टर पूर्वीच्याच दिशेने फिरतो.

एका चौकटीची उणीव

एका चौकटीच्या मोटरला एक खोट कायमची आहे. फेऱ्यात दोनदा तिचा टॉर्क शून्य होतो. नेमकी त्याच जागी ती थांबलेली असेल तर चालू केली तरी हलत नाही. त्यातून फट अरुंद आणि ब्रश रुंद असेल, तर त्या जागी एकच ब्रश दोन्ही अर्धुकांना टेकतो आणि बॅटरी सरळ शॉर्ट होते.

उपाय एकच: चौकटी वाढवायच्या. एक आडवी, दुसरी तिच्याशी तिरकी, तिसरी आणखी तिरकी, आणि कडीचेही तेवढेच तुकडे. एकीचा टॉर्क शून्याला टेकतो तेव्हा दुसरी जोरात असते. खेळण्यातल्या स्वस्त मोटरीत तीन गुंडाळ्या आणि तीन तुकडे असतात. एवढ्यानेही ती कुठल्याही स्थितीतून सुरू होते. बोटीच्या स्टार्टरमध्ये तांब्याच्या वीस-पंचवीस पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि मधल्या फटींत अभ्रकासारखे विद्युतरोधक भरलेले असते. टॉर्क जवळजवळ सपाट होतो. नियम मात्र तोच: डावीकडे असेल त्याला एक दिशा, उजवीकडे असेल त्याला दुसरी.

ठिणगी का पडते

कागदावर प्रवाह एका क्षणात उलटतो. प्रत्यक्षात गुंडाळीला प्रवाहात झालेला बदल आवडत नाही. वाहता प्रवाह ती रेटून धरते. स्टार्टरचा कम्युटेटर ३ सेंटिमीटर व्यासाचा आणि फेरे मिनिटाला ३००० धरले, तर त्याचा पृष्ठभाग ब्रशखालून सेकंदाला सुमारे ४.७ मीटर वेगाने सरकतो. ब्रश ६ मिलिमीटर रुंद असेल तर एका गुंडाळीला आपला प्रवाह उलटा करायला जेमतेम सव्वा मिलिसेकंद मिळते. तेवढ्यात काम झाले नाही तर उरलेला प्रवाह पट्टी ब्रशखालून सुटताना हवेतून उडी मारतो. तीच निळसर ठिणगी.

सुरुवातीच्या काळात ब्रश तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे असत आणि ते कम्युटेटर ओरबाडून काढत. कार्बन आल्यावर गोष्टी बदलल्या. कार्बन मऊ आहे, स्वतःच वंगणाचे काम करतो, तापून तांब्याला चिकटत नाही. शिवाय कार्बन आणि तांबे जिथे टेकतात तिथे मुद्दाम मिळावा असा थोडा विरोध मिळतो, आणि तो गुंडाळीतला जुना प्रवाह लवकर मरायला मदत करतो.

या विरोधाची किंमतही आहे. एका कार्बन ब्रशवर सुमारे १ व्होल्ट खर्च होतो, दोघांवर मिळून २. मुंबईच्या लोकलला ही रक्कम किरकोळ होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या डीसीवर चालत होती. बोटीच्या बॅटरीत मात्र मुळात १२ व्होल्ट, त्यातून स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो तेव्हा ते आणखी खाली येतात. तिथे २ व्होल्ट ब्रशवर उडवणे परवडणारे नाही. म्हणून स्टार्टरचे ब्रश शुद्ध कार्बनचे नसतात. त्यांत तांब्याची भुकटी मोठ्या प्रमाणात मिसळलेली असते. हातात घेतले तर काळ्याऐवजी तांबूस झाक दिसते आणि ते जडही लागतात. दुकानात ‘कार्बन द्या’ एवढेच सांगून ग्राइंडरचे कार्बन आणून स्टार्टरला बसवले, तर मापात बसले तरी स्टार्टर मंद फिरतो.

खाऱ्या वाऱ्यातला कम्युटेटर

निरोगी कम्युटेटर चकचकीत नसतो. त्याच्यावर चॉकलेटी रंगाचा, गुळगुळीत, एकसारखा थर असतो. तांब्याचा ऑक्साइड आणि ब्रशचा ग्राफाइट मिळून तो बनतो आणि त्याच्यावरच ब्रश अलगद घसरतो. हा थर बनायला हवेत थोडा ओलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांतल्या मोटरींचे ब्रश कोरड्या हवेत बघता बघता झिजून जात, तेव्हा ओलाव्याचे महत्त्व कळले.

देवबागला ओलाव्याची उणीव नाही. इथला प्रश्न मिठाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तीन-चार महिने स्टार्टर एकाच स्थितीत उभा. पट्ट्यांमधल्या फटींत मीठ आणि कार्बनची भुकटी ओली होऊन बसते आणि जिथे वीज जायला नको तिथून जाऊ लागते. ब्रशखालच्या पट्ट्यांवर हिरवट पुटे येतात. स्प्रिंग गंजते. ब्रश आपल्या खोबणीत अडकतो आणि झिजल्यावर खाली सरकायचा तसा सरकत नाही.

मालवणात एका मिस्त्रीच्या टेबलावर असा स्टार्टर उघडलेला पाहिला. मागचे झाकण काढताच काळी भुकटी टेबलावर पडली. ब्रश नव्या ब्रशच्या निम्म्यालाही उरले नव्हते आणि त्यांतला एक खोबणीत तिरका अडकलेला. मिस्त्रीने तो चिमट्याने हलवून बघितला आणि म्हणाला, “कार्बन संपले, बदलूक होये.” मग त्याने आतले फिरणारे आर्मेचर हातात घेऊन उजेडात सावकाश फिरवले. सगळ्या पट्ट्या तपकिरी, पण शेजारशेजारच्या दोन काळ्या ठिक्कर आणि कडांना खड्डे पडलेले. ते पाहून त्याने मीटर लावले. शेजारच्या पट्ट्यांमध्ये मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवत होते, त्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र वाचन चढले. तिथल्या गुंडाळीचा डाग सुटला होता. पट्टी आणि आस यांच्यात मीटरने काही दाखवले नाही, हे चांगले लक्षण. दाखवले असते तर वीज लोखंडात उतरत असल्याचे कळले असते.

काळ्या पट्ट्यांचा अर्थ आपल्या एका चौकटीच्या मोटरवरून लगेच लागतो. त्या जागी गुंडाळी तुटलेली, म्हणून तिथला टॉर्क गेलेला. ब्रश तिथे येतो तेव्हा प्रवाह तुटतो आणि मोठी ठिणगी पडते. आर्मेचर नेमके त्या जागी थांबले तर स्टार्टर कमी पडतो किंवा हलतच नाही. मग कोणीतरी इंजिन हाताने जरा फिरवतो, किंवा स्टार्टरवर पान्याने ठोकतो, आणि तो चालू होतो. ठोकल्याने अडकलेला ब्रश सुटून पट्टीला टेकतो किंवा आर्मेचर केसभर सरकते. हा इलाज नव्हे, ही सूचना आहे. ठोकून चालू झालेला स्टार्टर पुढच्या खेपेला संगमावर, ओहोटीच्या ओढीत, दगा देऊ शकतो.

त्या मिस्त्रीने सुटलेला डाग पुन्हा लावला, नवे ब्रश बसवले आणि कम्युटेटरवर बारीक काचपेपरची पट्टी गुंडाळून आर्मेचर फिरवले. लोखंड घासायचा काळा पॉलिशपेपर त्याने वापरला नाही. त्याचे कण कठीण असतात, वीजवाहक असू शकतात आणि फटीत किंवा ब्रशमध्ये रुतून बसतात. मग एका पातळ करवतीच्या तुकड्याने फटींतले रोधक पट्ट्यांच्या पातळीखाली, साधारण अर्धा मिलिमीटर, खरवडले. तांबे मऊ असते, रोधक कठीण. तांबे झिजत जाते आणि रोधक उंच राहते. मग ब्रश त्यावरून उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते.

ठिणगीची आणखी एक बाजू बोटवाल्यांनी विसरू नये. ब्रशची मोटर चालताना थोडीफार ठिणगी पाडणारच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचते, आणि पाणी उपसायचा पंपही तिथेच असतो. बंदिस्त जागेत पेट्रोलचा वास आला तर आधी झाकण उघडून हवा खेळू द्यायची, मगच कुठलेही बटण दाबायचे.

ब्रश नसलेल्या मोटरी

झीज, भुकटी आणि ठिणगी हे तीन दोष काढून टाकण्यासाठी आता अनेक ठिकाणी ब्रश नसलेल्या मोटरी आल्या आहेत. विजेवरच्या स्कूटरमध्ये आणि कमी वीज खाणाऱ्या नव्या पंख्यांमध्ये त्याच असतात. त्यांत चुंबक फिरतो आणि गुंडाळ्या स्थिर असतात. चुंबक कुठे आला आहे हे संवेदक किंवा सर्किट ओळखते आणि त्यानुसार ट्रान्झिस्टर गुंडाळीतला प्रवाह उलटवतात. दुभंगलेली कडी गेली, तिचे काम मात्र गेले नाही. योग्य जागी प्रवाह उलटवणे कोणाला तरी करावेच लागते.

बोटीच्या स्टार्टरमध्ये अजून बहुतेक ठिकाणी कम्युटेटर आणि ब्रशच आहेत. ते स्वस्त आहेत, मालवणात दुरुस्त होतात आणि दिवसातून काही सेकंदच चालत असल्यामुळे झीजही सोसण्यासारखी असते. म्हणून नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालण्याआधी एवढे करावे: झाकण उघडून भुकटी पुसावी, ब्रश खोबणीत बोटाने दाबून मोकळे सरकतात का पाहावे, लांबी निम्म्यावर आली असेल तर बदलावेत, आणि कम्युटेटर एक पूर्ण फेरा फिरवून काळी पट्टी शोधावी. ती सापडली तर नुसते ब्रश बदलून भागत नाही. आर्मेचर तपासून घ्यावे लागते.